एका ट्रकमधले दोन शाफ्ट

मालवाहू ट्रकच्या खाली वाकून पाहिलं की गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारी एक लांब, गुळगुळीत नळी दिसते. हा प्रोपेलर शाफ्ट. तो आतून पोकळ असतो. त्याच्या मागच्या टोकाला डिफरन्शिअलचा गोळा आणि त्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना जाड हाउसिंग असतं. त्या हाउसिंगच्या पोटात चाकांपर्यंत जाणारे दोन शाफ्ट लपलेले असतात, ज्यांना गॅरेजमध्ये नुसतं ‘एक्सल’ म्हणतात. ते भरीव असतात. इंजिन एकच आणि शक्तीही तीच, तरी एक शाफ्ट पोकळ आणि दुसरा भरीव. भरीव घ्यायचा की पोकळ, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात एका सूत्रात सुटतो. इथे तो कसा सुटला असेल ते आकडे मांडून पाहू.

समजा, इंजिन १०० किलोवॅटचं आहे, म्हणजे सुमारे १३४ अश्वशक्तीचं, आणि ही शक्ती ते मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर देतं. शाफ्टला मात्र किलोवॅट कळत नाहीत. त्याला कळतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. किलोवॅटला ९,५५० ने गुणून फेऱ्यांनी भागलं की टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. इथे तो ३९८ येतो. हाच आकडा धरून शाफ्ट काढायला बसलो तर तो पहिल्याच चढावर तुटेल, आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण असं, की इंजिनाची सर्वाधिक शक्ती आणि सर्वाधिक टॉर्क एकाच वेगावर येत नाहीत. आपल्या इंजिनाचा कमाल टॉर्क १,४०० फेऱ्यांना ५०० न्यूटन-मीटर आहे असं धरू. त्या क्षणी ते जेमतेम ७३ किलोवॅट देत असतं, पण शाफ्टला जास्त त्रास तेव्हाच होतो. दुसरं कारण गिअरबॉक्स. पहिल्या गिअरचं प्रमाण ६.५ असेल तर प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला २१५ फेरे घेतो आणि त्याच्यावर ५०० गुणिले ६.५, म्हणजे ३,२५० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. शक्ती घटली, पण पीळ आठपट झाला. ‘अमुक वेगाला अमुक शक्ती’ असं वाक्य हाती आलं की आधी विचारायचं असतं, सगळ्यात कमी वेग कोणता आणि त्या वेगाला टॉर्क किती? गिअरबॉक्समध्ये थोडी शक्ती वाया जाते ती आपण सोडून देऊ; तेवढी चूक शाफ्टच्या सोयीची आहे.

आता पोलादाला किती ताण सोसायला लावायचा ते ठरवायचं. प्रोपेलर शाफ्टच्या नळीचं पोलाद ओढून ताणलं तर साधारण ३५० मेगापास्कलपाशी कायमचं लांबू लागतं असं धरू. पिळताना जो कातर ताण येतो तो सोसण्याची मर्यादा याच्या सुमारे ५८ टक्के, म्हणजे २०० च्या आसपास असते. त्यातले १०० वापरायचे आणि उरलेले झटक्यासाठी राखून ठेवायचे. भरलेला ट्रक चिखलात रुतलेला असताना चालकाने क्लच झटकन सोडला तर फिरणाऱ्या फ्लायव्हीलची सगळी उसळी शाफ्टवर येते, आणि टॉर्क क्षणभर दुप्पट होऊ शकतो. म्हणून ही निम्मी राखण.

या १०० मेगापास्कलवर भरीव शाफ्टचा व्यास निघतो ५५ मिलिमीटर. दोन जॉइंटमधलं अंतर दीड मीटर धरलं तर वजन २८ किलो भरतं. ताकदीच्या दृष्टीने हा शाफ्ट चोख आहे. मग तो का वापरत नाहीत?

भरीव शाफ्ट पिळला जातो तेव्हा त्याच्या ऐन मध्यावर ताण शून्य असतो आणि पृष्ठभागावर सर्वाधिक. मधल्या प्रत्येक कड्याला त्याच्या त्रिज्येच्या प्रमाणात ताण मिळतो. शिवाय बाहेरच्या कड्यात धातू जास्त असतो आणि मध्यापासून तो लांब असल्याने त्याचं तरफेचं बळही जास्त असतं. तिन्ही गोष्टी त्रिज्येबरोबर वाढतात, त्यामुळे सारख्या जाडीच्या कड्यांचा टॉर्कमधला वाटा त्रिज्येच्या घनाने वाढतो. हिशेब लावला की एक सुरेख आकडा हाती येतो. शाफ्टच्या निम्म्या व्यासाएवढा गाभा वजनाचा पाव भाग असतो, पण टॉर्कचा सोळावा भाग, म्हणजे सव्वासहा टक्केच उचलतो. गाभा हा पगार घेणारा पण टेबलावर फारसा न दिसणारा कर्मचारी आहे.

तो काढून टाकायचा तर गेलेली ताकद भरून काढायला बाहेरचा व्यास थोडा वाढवावा लागतो. किती थोडा, ते पाहण्यासारखं आहे. आतलं भोक बाहेरच्या व्यासाच्या निम्मं ठेवलं तर व्यास ५५ वरून जेमतेम ५६ मिलिमीटरवर जातो आणि वजन २८ वरून २२ किलोवर येतं. भोक आठ-दशांश केलं तर व्यास ६५.५, वजन १४ किलो. पुढे जाऊन बाजारात मिळणारी ९० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाड भिंतीची नळी घेतली, तर कमाल टॉर्कला तिच्यात ताण ९४ मेगापास्कल येतो आणि वजन भरतं ९.७ किलो. ताकद भरीवाएवढीच, किंचित जास्तच, आणि वजन एक तृतीयांश.

बहुतेक पुस्तकं इथे थांबतात आणि ‘पोकळ शाफ्ट हलका’ असा निष्कर्ष काढून पुढच्या धड्याकडे वळतात. पण सोळा टनी ट्रकला १८ किलोंचं कौतुक कितीसं असणार? तेवढ्यासाठी नळी आणून दोन्ही टोकांना योक वेल्ड करण्याचा उपद्व्याप कुणी केला नसता. नळी लागते ती वेगाच्या दुसऱ्या टोकासाठी, जिथे टॉर्क अगदी कमी असतो.

ट्रक हायवेवर वरच्या गिअरमध्ये पळत असतो तेव्हा प्रोपेलर शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने, २,४०० फेऱ्यांनी फिरतो. गिअरबॉक्समध्ये ०.८ चं ओव्हरड्राइव्ह असेल तर ३,००० फेऱ्यांनी. पीळ आता अगदी कमी, पण दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं. कुठलाही लांब शाफ्ट स्वतःच्या वजनाने आणि बनावटीतल्या बारीक बाकामुळे मध्याशी केसभर झुकलेला असतो. तो फिरू लागला की तो बाक बाहेर फेकला जातो, बाहेर गेल्याने फेकणारं बळ वाढतं, आणि एका विशिष्ट वेगाला शाफ्टचा स्वतःचा ताठपणा त्याला आवरू शकत नाही. मग तो दोरीउड्यांच्या दोरीसारखा धनुष्य होऊन गिरक्या घेऊ लागतो. इंजिनिअर याला व्हर्लिंग म्हणतात आणि त्या वेगाला क्रिटिकल वेग.

पोलादी शाफ्ट दोन्ही टोकांना जॉइंटवर टेकलेला असेल तर हा वेग काढणं सोपं आहे. बाहेरच्या आणि आतल्या व्यासांच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १२ कोटींनी गुणायचं आणि लांबीच्या वर्गाने भागायचं. सगळी मापं मिलिमीटरमध्ये ठेवली की उत्तर मिनिटाच्या फेऱ्यांमध्ये येतं. आपल्या ५५ मिलिमीटरच्या भरीव शाफ्टचा क्रिटिकल वेग येतो २,९३० फेरे. ओव्हरड्राइव्हमध्ये शाफ्ट ३,००० वर चालणार आहे! म्हणजे पहिल्या गिअरच्या चढावर हा शाफ्ट वर्षानुवर्षं टिकेल आणि सपाट रस्त्यावर, रिकाम्या ट्रकमध्ये, पिळाचा मागमूस नसताना गिरक्या घेत मोडेल. ९० मिलिमीटरच्या नळीचा क्रिटिकल वेग मात्र ६,५६० फेरे आहे. जॉइंट आणि बेअरिंग किंचित लवचीक असतात म्हणून प्रत्यक्षातला वेग याहून कमी असतो, आणि वापरातला वेग क्रिटिकलच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशाच्या पुढे जाऊ देत नाहीत. ३,००० फेरे या नळीला निम्म्याहूनही कमी पडतात.

‘मग भरीव शाफ्टच जाड करा’ असं कुणी म्हणेल. करून पाहू. ३,००० हा क्रिटिकलच्या ७० टक्के ठेवायचा तर भरीव शाफ्टला ८० मिलिमीटर व्यास लागतो आणि वजन होतं ६० किलो. पिळासाठी त्यातली तिसऱ्या हिश्श्याचीच ताकद लागते. बाकीचं पोलाद फक्त गिरकी रोखायला. भारी पोलाद घेऊनही उपयोग नाही. महाग मिश्रधातूचं पोलाद तुटायला कठीण असतं, पण त्याचा ताठपणा साध्या पोलादाएवढाच असतो, त्यामुळे क्रिटिकल वेग तसूभरही वाढत नाही. किंबहुना भारी पोलादाच्या भरवशावर शाफ्ट बारीक केला तर तो कमीच होतो. अॅल्युमिनियमचंही तसंच, ते वजनाने एक तृतीयांश आणि ताठपणानेही एक तृतीयांश असल्याने हिशेब बरोबरीत सुटतो. सरळ नळीचा व्यास वाढवणं हाच खात्रीचा उपाय. काही गाड्यांत कार्बन फायबरची नळी वापरतात ती याच कारणाने, कारण तिचं ताठपणा आणि वजनाचं गणित धातूंपेक्षा वेगळं आहे.

व्यास वाढवायचाच तर ९० वर का थांबायचं? १२० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर भिंत घेतली तर ताकद जवळपास तेवढीच राहते आणि वजन ६.६ किलोवर येतं. तीन किलो वाचतात. पण दीड मिलिमीटरच्या पत्र्याला रस्त्यावरून उडालेला दगड पोचा पाडतो. पोचा पडला की त्या जागी नळी गोल राहत नाही, आणि झटका आला की पातळ भिंत कातरून तुटण्याच्या आधीच दुमडते. अंगावर तिरकी घडी पडते. शिवाय योक वेल्ड करताना पातळ भिंत जळते किंवा ओढली जाऊन वाकडी होते, आणि मागचा एक्सल खालीवर हलतो तेव्हा जाड नळीला चॅसीच्या आडव्या तुळयांमधून वाट मिळावी लागते. ताकदीचं सूत्र यातलं काहीच सांगत नाही. ते भिंत जितकी पातळ तितकं खूश असतं, आणि त्याला वेळीच थांबवणं हे काढणाऱ्याचं काम आहे.

लांबीचा प्रश्न याहून कडक. क्रिटिकल वेग लांबीच्या वर्गाने घटतो. लांब चॅसीच्या ट्रकमध्ये दोन जॉइंटमधलं अंतर तीन मीटर झालं तर त्याच ९० मिलिमीटरच्या नळीचा वेग चौथाई होऊन १,६४० वर येतो, आणि तो वरच्या गिअरच्या बराच खाली आहे. व्यास वाढवून हे भरून काढायचं म्हटलं तर नळी ड्रेनेजच्या पाइपाएवढी होईल. म्हणून तिथे शाफ्टचे दोन तुकडे करतात आणि मध्ये चॅसीला टांगलेलं, रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग देतात. ते रबर फाटलं की आधार ढिला पडतो, दोन तुकड्यांचा शाफ्ट अर्धवट एका लांब शाफ्टासारखा वागू लागतो, आणि ट्रक एका ठराविक वेगाच्या पुढे थरथरायला लागतो. नवा शाफ्ट घेण्याआधी ते रबर पाहावं, हा सल्ला जुने मिस्त्री देतात तो बरोबर आहे.

आता हाउसिंगमधल्या भरीव शाफ्टकडे वळू. डिफरन्शिअलचं प्रमाण ५ धरलं तर पहिल्या गिअरमध्ये ३,२५० चे १६,२५० न्यूटन-मीटर होतात आणि दोन एक्सलांत वाटले जाऊन प्रत्येकाला सुमारे ८,१२५ येतात. पीळ अडीचपट. वेग मात्र पाचपटीने कमी; ओव्हरड्राइव्हमध्ये पळतानाही हा शाफ्ट मिनिटाला ६०० च फेरे घेतो. इथे चांगलं मिश्रधातूचं, पृष्ठभागावर इंडक्शनने कडक केलेलं पोलाद वापरतात, आणि ३०० मेगापास्कल ताण धरला तर व्यास ५२ मिलिमीटर निघतो. लांबी ९० सेंटिमीटर. क्रिटिकल वेग काढला तर तो ७,७०० फेरे येतो, म्हणजे वापरातल्या वेगाच्या बारापटीहून जास्त. ज्या भयाने प्रोपेलर शाफ्ट पोकळ झाला ते भय इथे नाहीच.

तरी वजनासाठी गाभा काढता येईल. निम्म्या व्यासाचं, २६ मिलिमीटरचं भोक पाडलं तर १५ किलोंच्या शाफ्टमधले पावणेचार किलो जातात आणि ताकद सव्वासहा टक्के घटते. पण हे भोक ९० सेंटिमीटर खोल पाडायचं आहे. त्याला खोल भोकाचं खास यंत्र लागतं, ड्रिल जरा सरकली तर एका बाजूची भिंत पातळ होते, आणि काढलेला गाभा भंगारात जातो. त्याचे पैसे आधीच भरलेले असतात. बाजारातून नळी आणून वापरण्यात पोलाद वाचतं, तर भरीव सळईला भोक पाडण्यात फक्त वजन वाचतं आणि खर्च वाढतो. हा फरक कागदावर दिसत नाही, कारण सूत्राला दोन्ही शाफ्ट सारखेच.

मग नळीच का नाही? कारण जागा. प्रोपेलर शाफ्टप्रमाणे इथेही भिंत पातळ करून व्यास दीडपट करायचा तर हाउसिंग जाड करावं लागेल, चाकाच्या हबमधली बेअरिंगं मोठी होतील आणि डिफरन्शिअलच्या आतल्या गिअरचं भोकही वाढेल. शाफ्टवर तीन किलो वाचवायला बाजूच्या भागांवर तीस किलो चढवण्यासारखं ते होईल. शिवाय एक्सलच्या आतल्या टोकाला स्प्लाइनचे दात कापलेले असतात, आणि ताण मोजायचा तो दातांच्या मुळाशी असलेल्या व्यासावर. तिथे भोक असेल तर दाताखालची भिंत आणखी पातळ होते. आपले ५२ मिलिमीटर दातांच्या मुळाशी हवेत, दातांच्या टोकाला नव्हे. या जागी चुकलेले शाफ्ट पहिल्या काही महिन्यांतच परत येतात.

हलक्या मोटारींमध्ये मात्र चाकांकडे जाणारे पोकळ शाफ्टही वापरात आहेत. ते भोक पाडून केलेले नसतात. जाड नळी घेऊन तिची टोकं ठोकून बारीक करतात, त्यामुळे मध्ये व्यास मोठा आणि टोकाला स्प्लाइनपुरता लहान असा शाफ्ट एकाच तुकड्यात मिळतो. मोठ्या व्यासामुळे तो पिळाला ताठ असतो. पिळाचा कोन हाही निवडीतला एक मुद्दा आहे: आपला ५५ मिलिमीटरचा भरीव प्रोपेलर शाफ्ट कमाल टॉर्कला जवळजवळ ४ अंश पिळला गेला असता, तर ९० मिलिमीटरची नळी सव्वादोन अंश पिळली जाते. सारख्या ताणाला जो बाहेरून जाड तो कमी पिळतो. ट्रकमध्ये या दीड-दोन अंशांना फारसं महत्त्व नाही. लेथ किंवा छपाईच्या यंत्रात, जिथे एका टोकाची हालचाल दुसऱ्या टोकाला तंतोतंत पोचायला हवी, तिथे बऱ्याचदा व्यास ताकदीवरून ठरतच नाही, या कोनावरून ठरतो.

दोन्ही शाफ्ट मोडले तर त्यांच्याकडे पाहून काय झालं ते बरंचसं सांगता येतं. भरीव एक्सल एका जबर झटक्याने गेला असेल आणि पोलाद मऊ असेल तर तो आडवा, सपाट कापल्यासारखा तुटतो आणि स्प्लाइनचे दात तुटीजवळ पिळवटलेले दिसतात. रोजच्या पिळांनी थकून गेला असेल तर भेग पंचेचाळीस अंशात तिरकी चालते, बहुतेकदा स्प्लाइनच्या मुळाशी सुरू होते, आणि तिच्या जुन्या भागावर घासून आलेली चकाकी किंवा गंज असतो. नळीवर तिरकी घडी दिसली तर झटका किंवा आधीचा पोचा. नळी मध्याशी वाकून फाटलेली असेल, वेल्ड मात्र शाबूत, तर आधी वेगाकडे आणि सेंटर बेअरिंगकडे पाहावं.

थरथरीचंही असंच. ती इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर येत-जात असेल, ट्रक उभा असताना रेस दिल्यावरही जाणवत असेल, तर प्रोपेलर शाफ्टला दोष देण्यात अर्थ नाही. ती रस्त्यावरच्या एकाच वेगाला येत असेल आणि त्याच वेगात गिअर बदलला तरी राहत असेल, तर शाफ्ट किंवा चाकं. यातही शाफ्ट चाकाच्या पाचपट फिरतो, त्यामुळे त्याची थरथर बारीक आणि घाईची असते, चाकाची मोठी आणि संथ. शाफ्टच्या दर फेऱ्याला एकदा धक्का बसत असेल तर तोल गेलेला आहे: तोलासाठी वेल्ड केलेली पट्टी गळून पडली असेल, नळीला पोचा पडला असेल किंवा एका बाजूला चिखल वाळून चिकटला असेल. दहा किलोंच्या नळीचं वजन केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलं तर ३,००० फेऱ्यांना सुमारे ५० किलोंचं बळ बेअरिंगला दर फेऱ्याला चहूबाजूंनी हासडतं. दर फेऱ्याला दोनदा धक्का बसत असेल तर क्रॉस जॉइंटचे कोन जुळलेले नाहीत. शाफ्ट काढताना योकवर खूण न केल्यामुळे तो पुन्हा उलट्या कोनात बसवला गेला, हे त्याचं नेहमीचं कारण.